दोन नोंदींच्या मधली रेघ

१९८० साली फ्रेड फ्रिट्श आणि राल्फ कार्लसन या दोन गणितज्ञांनी नऊ पानांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. फ्रिट्श हे कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत काम करत. निबंधात उदाहरण म्हणून एक छोटा तक्ता दिला आहे. तो किरणोत्सारी रसायनशास्त्राच्या कामातला असून ‘आरपीएन १४’ या नावाने ओळखला जातो. त्यात फक्त नऊ नोंदी आहेत. डावीकडे मोजमापाची जागा आणि उजवीकडे तिथे मिळालेली किंमत:

```
७.९९     ०
८.०९     ०.००००२७६४२९
८.१९     ०.०४३७४९८
८.७      ०.१६९१८३
९.२      ०.४६९४२८
१०       ०.९४३७४०
१२       ०.९९८६३६
१५       ०.९९९९१९
२०       ०.९९९९९४
```

तक्ता नुसता डोळ्यांखालून घातला तरी त्याचा स्वभाव कळतो. किंमत शून्यापासून निघते, आठच्या पुढे चढायला लागते, नऊ ते दहाच्या दरम्यान झपाट्याने वर जाते आणि मग १ च्या अगदी जवळ जाऊन स्थिरावते. ती कुठेही कमी होत नाही. शून्याच्या खाली जात नाही आणि १ च्या वरही जात नाही.

आता प्रश्न असा की ११ या जागी किंमत किती? तिथे मोजमाप झालेलं नाही. १० ला ०.९४३७४० आहे आणि १२ ला ०.९९८६३६ आहे, तेव्हा उत्तर या दोहोंच्या मधलं काहीतरी असणार, असं कोणीही म्हणेल. पण इंजिनिअर आणि शास्त्रज्ञ ज्या पद्धतीवर सर्वात जास्त विसंबतात, त्या पद्धतीने हा प्रश्न सोडवला तर उत्तर साधारण १.१० येतं. म्हणजे दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा मोठं, इतकंच नव्हे तर १ पेक्षाही मोठं. गणितात चूक झालेली नसते. वक्र नऊच्या नऊ नोंदींमधून अचूक जातो, दिसायलाही गुळगुळीत असतो, आणि तरी मधल्या जागेत खोटं सांगतो. फ्रिट्श आणि कार्लसन यांचा निबंध नेमका या खोटेपणावरचा उपाय आहे.

मोजलेल्या दोन नोंदींच्या मधली किंमत काढण्याला गणितात अंतर्वेशन म्हणतात. हे काम जितकं वाटतं त्यापेक्षा फार जास्त ठिकाणी चालतं. पावसाळ्यात धरणात किती टीएमसी पाणी आहे याचे आकडे आपण रोज वाचतो, पण धरणातलं पाणी कोणी मापाने मोजत नाही. मोजली जाते ती पाण्याची पातळी. कोणत्या पातळीला किती साठा, याचा तक्ता जलाशयाच्या सर्वेक्षणातून तयार केलेला असतो, आणि पातळी तक्त्यातल्या दोन ओळींच्या मध्ये आली की अंतर्वेशन करावं लागतं. अशा तक्त्यात ओळी दाट असतात, म्हणून दोन ओळींच्या मध्ये सरळ रेघ ओढली तरी भागतं. अडचण येते ती मोजमापं विरळ असतात तेव्हा, आणि किंमत एका जागी संथ तर लगेच पुढे वेगाने बदलत असते तेव्हा. आपल्या नऊ ओळींच्या तक्त्यात या दोन्ही गोष्टी आहेत. पहिल्या तीन नोंदी एकमेकींपासून ०.१ अंतरावर आहेत, तर शेवटच्या दोन नोंदींमध्ये ५ चं अंतर आहे.

सरळ रेघांचा मार्ग इथेही उपलब्ध आहे. १० आणि १२ यांच्या नोंदी पट्टीने जोडल्या तर ११ ला ०.९७१ मिळतं. हे उत्तर शहाणपणाचं आहे. पण सरळ रेघांना प्रत्येक नोंदीवर कोपरा येतो. ९.२ पासून १० पर्यंत रेघेचा चढ ०.५९३ आहे, म्हणजे डावीकडचा आकडा १ ने वाढला तर किंमत ०.५९३ ने वाढेल इतका तिरकेपणा. १० ओलांडताच तो एकदम ०.०२७ होतो. निसर्गातली प्रक्रिया बरोबर १० या आकड्यावर अशी वळत नाही; ते वळण आपण मोजमाप तिथे घेतलं म्हणून तिथे दिसतं. शिवाय पुढच्या गणितात पुष्कळदा किंमतीइतकाच तिचा बदलण्याचा वेगही लागतो. तो वेग जर प्रत्येक नोंदीवर उडी मारत असेल तर त्यावर आधारलेली आकडेमोड अडखळते. म्हणून कोपरे नसलेला वक्र हवा असतो.

त्यासाठी त्रिघाती तुकडे वापरतात. दर दोन नोंदींच्या मध्ये एक छोटा वक्र घ्यायचा, ज्याच्या समीकरणात जागेचा तिसरा घात येतो. असा तुकडा चार गोष्टींनी पूर्ण ठरतो: डाव्या टोकाची किंमत, उजव्या टोकाची किंमत, डाव्या टोकाचा चढ आणि उजव्या टोकाचा चढ. पहिल्या दोन गोष्टी तक्ता देतो. चढ मात्र तक्त्यात नसतात. ते आपण निवडायचे असतात. शेजारच्या दोन तुकड्यांना सामाईक नोंदीवर एकच चढ दिला की कोपरा नाहीसा होतो. बाकी चढ किती घ्यावा याची पूर्ण मुभा असते, आणि या विषयातलं सगळं कौशल्य त्या निवडीत आहे.

चढांचा परिणाम काय होतो हे पाहायला एक छोटं सूत्र पुरतं. तुकड्याची रुंदी h, टोकांच्या किंमती y0 आणि y1, टोकांचे चढ m0 आणि m1 असतील, तर तुकड्याच्या बरोबर मध्यावर किंमत अशी येते:

```
(y0 + y1)/2 + (h/8) × (m0 − m1)
```

पहिला भाग म्हणजे सरळ रेघेने मिळालं असतं तेच उत्तर. दुसरा भाग म्हणजे चढांनी घातलेली भर. डावा चढ मोठा आणि उजवा छोटा असेल तर वक्र मध्यावर सरळ रेघेच्या वर फुगतो. किती फुगतो, ते रुंदीवर आणि चढांमधल्या फरकावर अवलंबून असतं.

चढ निवडण्याची सर्वात प्रसिद्ध रीत म्हणजे स्प्लाइन. हा शब्द जहाजबांधणी आणि आरेखनाच्या कामातून आला. मोठे वक्र काढायचे तेव्हा आरेखक लाकडाची लवचीक पट्टी कागदावर ठेवत आणि शिशाच्या वजनांनी ती ठरावीक जागी दाबून धरत. पट्टी आपोआप कमीत कमी वाकेल अशा आकारात बसे, आणि तिच्या कडेने रेघ ओढली जाई. १९४६ मध्ये आयझॅक शोनबर्ग यांनी हाच शब्द गणितात आणला. गणिती स्प्लाइन चढ अशा रीतीने निवडते की चढच नव्हे तर चढ बदलण्याचा वेगसुद्धा प्रत्येक नोंदीवर सलग राहील. त्यासाठी सगळ्या नोंदींचे चढ एकाच वेळी, एकमेकांत गुंतलेली समीकरणं सोडवून काढावे लागतात. निकाल डोळ्यांना सुंदर दिसतो आणि किंमत मुळात संथपणे बदलत असेल तर अचूकही असतो.

आपल्या तक्त्यावर ही रीत चालवून पाहू. टोकांना पट्टी मोकळी सोडली, म्हणजे ज्याला नैसर्गिक स्प्लाइन म्हणतात ती घेतली, तर समीकरणं सोडवल्यावर १० या जागी चढ ०.४०७ येतो आणि १२ या जागी उणे ०.१०४. या दुसऱ्या आकड्याकडे जरा थांबून पाहावं. तक्ता १२ च्या दोन्ही बाजूंना चढतो आहे, आणि वक्र मात्र बरोबर १२ वर उतरतो आहे. हे आकडे वरच्या सूत्रात घातले की मध्यावरची किंमत हाताने काढता येते. टोकांच्या किंमतींची सरासरी ०.९७१. रुंदी २, म्हणून h/8 म्हणजे ०.२५. चढांमधला फरक ०.४०७ + ०.१०४ = ०.५११. त्याची पाव पट ०.१२८. बेरीज १.०९९.

गडबड तेवढ्यावर थांबत नाही. १२ वर वक्र उतरत असल्यामुळे पुढच्या तुकड्यात तो खाली जातो आणि १३.५ ला सुमारे ०.९५ वर पोहोचतो. तिथून परत वर येताना १५ ला जास्त वेग घेऊन येतो, म्हणून १७.५ ला पुन्हा १ ओलांडून सुमारे १.०३ होतो. तक्त्यात १२, १५ आणि २० या तिन्ही नोंदी १ ला जवळजवळ टेकलेल्या आहेत, आणि वक्र त्यांच्या मधून लाटेसारखा वरखाली जातो. दुसऱ्या टोकालाही तेच. ७.९९ ला किंमत शून्य आहे आणि तिथला चढ उणे ०.११८ येतो, म्हणजे निघताक्षणीच वक्र शून्याच्या खाली जातो. ८.०४ ला किंमत सुमारे उणे ०.००४४ आहे. आकडा लहान दिसतो, पण जी राशी उणे असूच शकत नाही तिचं पुढे वर्गमूळ किंवा लॉगरिथम घ्यायचं असेल तर आकडेमोड तिथेच मोडते.

दोष पट्टीचा नाही. कमीत कमी वाकायचं, एवढंच तिला सांगितलेलं आहे. ९.२ पासून १० पर्यंत चढणाऱ्या वक्राला १० वर एकदम सपाट होण्यासाठी जोरात वाकावं लागलं असतं. ते टाळण्यासाठी तो पुढे जाऊन हळूहळू वळतो, आणि त्यामुळे वर उसळतो. सगळे चढ एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे एका जागचा धक्का दूरवर पोहोचतो. २० च्या जवळच्या लाटेचं कारण १० वरच्या वळणात आहे.

फ्रिट्श आणि कार्लसन यांनी प्रश्न उलट्या बाजूने विचारला. तक्ता एका तुकड्यात चढत असेल, तर त्या तुकड्यातला वक्रही आतल्या प्रत्येक जागी चढताच राहावा यासाठी टोकांचे चढ नेमके कोणत्या मर्यादेत असायला हवेत? संपूर्ण तुकड्यात एकाच दिशेने जाणाऱ्या अशा वक्राला एकदिष्ट म्हणतात, आणि एकदिष्ट वक्र उसळी घेऊच शकत नाही. सतत चढत जाऊन शेवटी उजव्या टोकालाच पोहोचायचं असेल तर वाटेत त्या टोकाच्या वर जाण्याची सोय नाही.

उत्तराचा गाभा एका आकड्यात आहे: तीन. तुकड्याच्या दोन टोकांना जोडणाऱ्या सरळ रेघेचा चढ घ्या. वक्राचा प्रत्येक टोकाचा चढ त्याच दिशेचा असावा आणि त्या सरळ चढाच्या तिपटीपेक्षा जास्त नसावा. एवढं पाळलं की तुकडा एकदिष्ट राहतो. सरळ चढ शून्य असेल, म्हणजे दोन्ही नोंदी सारख्याच असतील, तर दोन्ही टोकांचा चढ शून्यच घ्यावा लागतो. तिपटीची ही पुरेशी अट १९७७ मध्ये कार्ल द बोअर आणि ब्लेअर स्वार्ट्झ यांनी आधीच दाखवली होती. फ्रिट्श आणि कार्लसन यांनी चढांच्या कोणकोणत्या जोड्या चालतात याचा पूर्ण नकाशा काढला. त्यात तिपटीच्या थोड्या पलीकडच्या काही जोड्याही बसतात. व्यवहारात मात्र तीनचा नियम पुरतो.

तीनच का, हे समजायला अवघड नाही. तुकड्याच्या मध्यावरचा चढ म्हणजे सरळ चढाची दीडपट, वजा टोकांच्या चढांच्या बेरजेचा चौथा भाग. दोन नोंदींमधली एकूण वाढ ठरलेली आहे. टोकांना वक्र जितका जास्त चढेल तितकं मध्यावर त्याला कमी चढावं लागतं. दोन्ही टोकांचे चढ सरळ चढाच्या तिप्पट झाले, तर बेरीज सहापट, तिचा चौथा भाग दीडपट, आणि मध्यावर उरतं शून्य. वक्र क्षणभर अगदी सपाट होऊन पुन्हा चढतो. टोकांचे चढ याच्याही पुढे ढकलले तर मध्यावरचा चढ उणे होतो आणि वक्र मागे येतो. टोकांचे चढ असमान असतील तर सर्वात सपाट जागा मध्यावरून बाजूला सरकते, पण तिपटीची अट तिथेही पुरी पडते हे सिद्ध करता येतं.

आता स्प्लाइनचा गुन्हा आकड्यात मोजता येतो. १० ते १२ या तुकड्याचा सरळ चढ ०.०२७४ आहे. तिपटीची मर्यादा ०.०८२. स्प्लाइनने १० ला दिलेला चढ ०.४०७, म्हणजे सरळ चढाच्या जवळजवळ पंधरापट. आणि १२ ला तर दिशाच उलटी.

मर्यादा कळली, पण तिच्या आत नेमका कोणता चढ घ्यायचा? १९८० च्या निबंधात आधी कोणत्याही नेहमीच्या पद्धतीने चढ काढून मग मर्यादेबाहेर गेलेले आत ओढून घ्यायचे, अशी रीत होती. १९८४ मध्ये फ्रिट्श आणि ज्यूडी बटलंड यांनी त्याहून सोपा मार्ग दिला. आज संगणकावर जी रीत सर्रास वापरली जाते ती याच मार्गावरची आहे. तिच्यात प्रत्येक नोंदीचा चढ तिच्या डावीकडच्या आणि उजवीकडच्या सरळ चढांवरून एकाच सूत्राने मिळतो. हे सूत्र साध्या सरासरीचं नसून हरात्मक सरासरीचं आहे.

हरात्मक सरासरी आपण शाळेत नकळत शिकलेलो असतो. जाताना ताशी २० किलोमीटर आणि येताना त्याच वाटेने ताशी ६० किलोमीटर वेग असेल, तर पूर्ण प्रवासाचा सरासरी वेग ४० नसून ३० असतो, कारण संथ टप्प्यात जास्त वेळ जातो. येतानाचा वेग कितीही वाढवला तरी सरासरी ४० च्या पुढे जात नाही. म्हणजे ही सरासरी लहान आकड्याच्या दुपटीपेक्षा कमीच राहते. मोठा आकडा तिला ओढून नेऊ शकत नाही. चढांसाठी हीच गोष्ट हवी आहे. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला पठार असेल, तर नोंदीवरचा चढ पठाराने ठरवावा.

डावी आणि उजवी रुंदी वेगवेगळी असते म्हणून सूत्रात वजनं घालतात. डावीकडची रुंदी h1 आणि सरळ चढ d1, उजवीकडची रुंदी h2 आणि सरळ चढ d2 असेल, तर:

```
w1 = 2×h2 + h1
w2 = h2 + 2×h1
m  = (w1 + w2) / (w1/d1 + w2/d2)
```

१० या नोंदीसाठी हे करून पाहू. h1 म्हणजे ०.८ आणि h2 म्हणजे २, म्हणून w1 = ४.८ आणि w2 = ३.६. सरळ चढ ०.५९२८९ आणि ०.०२७४४८. पहिला भागाकार ८.१०, दुसरा १३१.१६. बेरीज १३९.२६. वरची बेरीज ८.४. उत्तर ०.०६०३. स्प्लाइनने याच जागी ०.४०७ दिला होता. नवा चढ सरळ चढाच्या २.२ पट आहे, म्हणजे तिपटीच्या आत. आणि तो नशिबाने आत आलेला नाही. d1 कितीही मोठा केला, अगदी उभी भिंत केली, तरी m ची किंमत d2 च्या (w1 + w2)/w2 पटीपेक्षा जास्त होत नाही, आणि ही पट रुंदी कोणतीही असली तरी तीनपेक्षा कमीच असते. वजनं तशीच बेतलेली आहेत. मला या सूत्रातली सर्वात देखणी गोष्ट हीच वाटते: मर्यादा नंतर तपासावी लागत नाही, ती सूत्राच्या बांधणीतच आहे.

त्याच रीतीने १२ चा चढ ०.०००९ येतो. आता ११ ची किंमत: ०.९७१२ अधिक ०.२५ × (०.०६०३ − ०.०००९), म्हणजे ०.९७१२ + ०.०१४८, साधारण ०.९८६. दोन्ही शेजाऱ्यांच्या मधली, १ च्या आतली, आणि सरळ रेघेपेक्षा किंचित वरची. वक्र चढून येतो आहे आणि पुढे सपाट होणार आहे, म्हणून मध्यावर तो सरळ रेघेच्या वर असणं तक्त्याच्या स्वभावाला धरूनच आहे. पहिल्या तुकड्यात, जिथे स्प्लाइन शून्याच्या खाली गेली होती, तिथे ८.०४ ला आता ०.०००००७ च्या आसपास किंमत येते. अगदी छोटी, पण शून्याच्या वर.

या रीतीचा दुसरा फायदा वापरणाऱ्याला लगेच जाणवतो. नोंदीचा चढ फक्त तिच्या दोन शेजारच्या तुकड्यांवर ठरतो. तक्त्यातली एक नोंद दुरुस्त केली तर वक्र तिच्या आसपासच बदलतो, दूरचा भाग हलत नाही. पहिल्या आणि शेवटच्या नोंदीला एकच शेजारी असतो, म्हणून तिथे थोडं वेगळं सूत्र लावतात आणि उत्तर उलट्या दिशेचं आलं तर शून्य धरतात. आपल्या तक्त्यात ७.९९ ला नेमकं तसंच होतं.

फ्रिट्श यांनी या कामासाठी फोरट्रान भाषेत PCHIP नावाचा कार्यक्रमसंच लिहिला, आणि ते नाव पुढे रूढ झालं. मॅटलॅबमध्ये pchip या नावाने ही रीत मिळते, आर भाषेत splinefun मध्ये "monoH.FC" हा पर्याय आहे, आणि पायथॉनमध्ये ती सायपायच्या संग्रहात आहे. वरची सगळी आकडेमोड ज्यांना स्वतः पडताळायची असेल त्यांना एवढ्या ओळी पुरतील:

```python
from scipy.interpolate import CubicSpline, PchipInterpolator
x = [7.99, 8.09, 8.19, 8.7, 9.2, 10, 12, 15, 20]
y = [0, 2.76429e-5, 4.37498e-2, 0.169183, 0.469428,
     0.943740, 0.998636, 0.999919, 0.999994]
print(CubicSpline(x, y, bc_type="natural")(11))
print(PchipInterpolator(x, y)(11))
```

पहिली ओळ १.०९९ च्या आसपास छापते, दुसरी ०.९८६.

एवढं वाचून कोणाला वाटेल की मग स्प्लाइन कायमची बाजूला ठेवावी. तसं करू नये. या रीतीला एक किंमत मोजावी लागते. तक्ता चढून मग उतरायला लागतो, त्या नोंदीवर डावा आणि उजवा चढ विरुद्ध दिशांचे असतात. तिथे ही रीत चढ शून्य धरते. म्हणजे वक्राचं शिखर बरोबर त्या नोंदीवर येतं, तिच्या वर कधीही नाही. समुद्राच्या भरतीची पातळी दर तासाला मोजली, तर खरी पूर्ण भरती दोन मोजमापांच्या मध्ये कुठेतरी असणार आणि सर्वात मोठ्या नोंदीपेक्षा थोडी वर असणार. स्प्लाइन ते शिखर बऱ्यापैकी दाखवते. एकदिष्ट वक्र ते कापून टाकतो, आणि लागोपाठच्या दोन सर्वोच्च नोंदी सारख्या असतील तर त्यांच्या मध्ये सपाट रेघ ओढतो. जिथे शिखर नोंदींच्या मध्ये दडलेलं असण्याची शक्यता आहे तिथे हे साधन चुकीचं आहे.

दुसरी मर्यादा चढ बदलण्याच्या वेगाची. तो प्रत्येक नोंदीवर उडी मारू शकतो. साठा, प्रवाह, विरघळण्याचं प्रमाण अशा कामात त्याने फरक पडत नाही. पण त्या वक्रावरून यंत्राचा एखादा भाग प्रत्यक्ष हलवायचा असेल, तर चढ बदलण्याचा वेग म्हणजे त्या भागाचं त्वरण. तिथे उडी आली की धक्का बसतो. अशा कामाला स्प्लाइनच हवी.

उलटा तक्ता वापरतानाही एक खाच आहे. धरणाच्या तक्त्यावरून साठा किती हे काढतात, तसं अमुक इतका साठा झाला तर पाणी कोणत्या पातळीला येईल हेही विचारलं जातं. वक्र एकदिष्ट असेल तर या उलट्या प्रश्नाला एकच उत्तर असतं. उसळी घेणारा वक्र एकाच साठ्याला दोन-तीन पातळ्या सांगू शकतो. मात्र रकाने अदलाबदल करून नवा एकदिष्ट वक्र काढला, तर तो आधीच्या वक्राचा नेमका उलटा नसतो. नोंदींवर दोघे जुळतात, मधल्या जागेत किंचित वेगळे असतात. पातळीवरून साठा आणि साठ्यावरून पुन्हा पातळी काढून तीच मूळ संख्या परत मिळायला हवी असेल, तर वक्र एकच ठेवावा आणि उलटं उत्तर त्याच्यावरूनच शोधावं.

आणि ही रीत मोजमापातली चूक झाकत नाही. ती प्रत्येक नोंदीमधून जाते. सतत वाढणाऱ्या तक्त्यात एक आकडा चुकून लहान लिहिला गेला, तर वक्रही तिथे मुकाट्याने खड्डा काढेल. म्हणून वक्र काढण्याआधी लागोपाठच्या नोंदींची वजाबाकी करून चिन्ह पाहावं. वक्र काढल्यावर तीच तपासणी दाट जागांवर करावी: प्रत्येक तुकड्यात वीस-पंचवीस किंमती काढायच्या, लागोपाठच्या किंमती वजा करायच्या, आणि चढत्या तक्त्यात एकही वजाबाकी उणे आली तर त्या तुकड्यात वक्र मागे वळला आहे असं समजायचं. नुसतं आलेखाकडे पाहून हे सुटू शकतं. ७.९९ आणि ८.०९ यांच्या मधली स्प्लाइनची घसरण पूर्ण आलेखावर रेघेच्या जाडीत लपून जाते.

आपला तक्ता दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. नोंदींच्या मधली किंमत कोणत्या रीतीने काढली, ते तक्त्याखाली एका ओळीत लिहा. याच नऊ नोंदींवरून ११ या जागी एकाला ०.९७१ मिळतं, दुसऱ्याला ०.९८६ आणि तिसऱ्याला १.०९९.